मिक्सरच्या पाटीवर काय लिहावं

मार्च उतरणीला लागला की माझ्या टेबलावर जळलेले मिक्सर यायला लागतात. तालुक्याच्या गावी माझं विजेच्या वस्तूंचं दुकान आहे. पुढच्या बाजूला विक्री, मागच्या खोलीत दुरुस्ती. गच्चीवर मिरच्या वाळत पडतात, वर्षाची हळद घरात येते, मसाल्याची घाई सुरू होते आणि घरोघरचे मिक्सर त्यांच्याकडून होणार नाही अशा कामाला जुंपले जातात.

दोन वर्षांपूर्वी अशाच दिवसांत एक मावशी मिक्सर घेऊन आल्या. घेऊन जेमतेम चार महिने झाले होते. सोबत त्यांचे यजमान होते आणि दुकानाची पायरी चढतानाच ते म्हणाले, "हिला मशीन वापरता येत नाही, दुसरं काय." मावशी काही बोलल्या नाहीत. मी पेचकस घेऊन बुडाचे स्क्रू काढले तसा जळक्या वार्निशचा वास खोलीभर झाला. मोटरीची वेटोळी काळी पडली होती. भांडं उघडलं तर पात्याखाली हळकुंडाचा तुकडा पाचरीसारखा बसलेला. मग मावशी हळूच म्हणाल्या, "दादा, मी तीनदा ते खालचं लाल बटण दाबलं. दर वेळी परत चालू झाला. तुमच्या पाटीवरच होतं ना, ७५० वॅट, काहीही वाटा म्हणून?"

ती पाटी मीच लिहिली होती. जाड मार्करने, लाल अक्षरात. कंपनीच्या खोक्यावरही मोठ्ठा आकडा होता आणि त्याखाली 'दमदार' का 'शक्तिशाली' असा काहीसा शब्द. त्याला मी माझे दोन शब्द जोडले होते. मावशींनी ते वाचले आणि खरे मानले. मग दोष कुणाचा? यजमानांसमोर मी तेव्हाच सांगितलं की चूक माझ्या पाटीची आहे, आणि मोटर स्वखर्चाने भरून दिली. पण एका घरापुरतं ते निस्तरलं. ज्यांनी बायकोला बोल लावून मिक्सर भंगारात दिला, अशी घरं किती असतील, या विचाराने मला त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.

आत काय झालं ते आधी सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं कळतं. मिक्सरची मोटर रिकामी असताना मिनिटाला १८ ते २० हजार फेरे घेते. फिरता फिरता ती स्वतःच येणाऱ्या विजेला विरोध तयार करते आणि त्यामुळे तारेतून जेवढा हवा तेवढाच प्रवाह जातो. काम जड झालं की मोटर मंदावते, विरोध कमी होतो, प्रवाह वाढतो. इथपर्यंत ठीक आहे. पण हळकुंडासारखा दगडी तुकडा पातं आणि भांड्याच्या भिंतीत अडकला की मोटर थांबते. विरोध जवळजवळ संपतो आणि प्रवाह एकदम उसळतो. वर मोटरीला वारा घालणारा पंखा तिच्याच दांड्यावर बसवलेला असतो, तोही थांबतो. म्हणजे सगळ्यात जास्त तापायची वेळ आणि वारा बंद. हे ओळखून बुडाशी एक कट-आउट दिलेलं असतं, तेच ते लाल बटण. ते उडालं याचा अर्थ मोटर तापली आहे, हे काम तिला झेपत नाही. जार काढावा, अडकलेलं मोकळं करावं, चांगली पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्यावीत आणि मगच बटण दाबावं. मावशींना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं, ते सुरू करायचं बटण आहे.

आता त्या ७५० आकड्याकडे या. हा आकडा मोटर भिंतीतून किती वीज ओढते ते सांगतो. पात्यापर्यंत किती पोचते ते सांगत नाही. ओढलेल्या विजेचा मोठा हिस्सा उष्णतेत आणि आवाजात जातो. चांगल्या मोटरीत कमी जातो, सुमार मोटरीत जास्त. त्यामुळे जुना, नीट बांधलेला ५०० वॅटचा मिक्सर एखाद्या स्वस्तातल्या ७५०ला वाटणात मागे टाकतो, हे मी टेबलावर अनेकदा पाहिलं आहे. शिवाय आमच्या भागात संध्याकाळी व्होल्टेज १८०पर्यंत उतरतं. आकडा २३० व्होल्टवरचा असतो. व्होल्टेज उतरलं की मोटरीचा जोर त्याहून जास्त उतरतो. ज्यांच्याकडे असं होतं त्यांनी जड वाटण सकाळी उरकावं.

मग आकड्याला काहीच अर्थ नाही का? आहे. चार-पाच माणसांचं घर, रोजची चटणी, ओल्या खोबऱ्याचं वाटण, दाण्याचं कूट, आठवड्यातून एखादे दिवशी आलं-लसूण, याला ५०० वॅट पुरतात. दर आठवड्याला इडली-डोशाचं पीठ होत असेल किंवा घरात आठ-दहा माणसं असतील तर ७५० घ्यावा, कारण मालाचा भार तोच असताना त्याची मोटर कमी मंदावते आणि कमी तापते. १००० वॅट घरात क्वचितच लागतो. विजेच्या बिलाची भीती मात्र कुणी घालू नये. ७५० वॅटचा मिक्सर रोज चार मिनिटं पूर्ण जोरात चालला तरी महिन्याला दीड युनिट होतं.

खरा उपयोगी आकडा खोक्यावर नसतोच. मिक्सर उलटा करा. बुडाला एक छोटी पट्टी असते. तिच्यावर व्होल्ट, वॅट यांच्याबरोबर मिनिटांचा एक आकडा असतो, बहुतेक घरगुती मिक्सरवर ३०. ही तीस मिनिटं सलग चालवायची नसतात. किती मिनिटं चालवून किती थांबायचं, याचा हिशेब सोबतच्या पुस्तिकेत असतो, आणि ती पुस्तिका खोक्यासकट माळ्यावर गेलेली असते. पट्टीच्या आजूबाजूला बुडाला ज्या फटी दिसतात, त्यातून मोटर श्वास घेते. आवाज कमी व्हावा म्हणून मिक्सरखाली दुमडलेला नॅपकिन घालायची सवय कितीतरी घरांत आहे. तो आधी काढा. एवढ्या एका कारणाने गुदमरलेल्या मोटरी मी भरल्या आहेत.

आपल्याकडचा मिक्सर जन्माला कसा आला हे फार थोड्यांना माहीत असतं, म्हणून सांगतो. साठच्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाचे इंजिनिअर होते. त्यांच्या पत्नी माधुरी यांच्याकडचा परदेशी मिक्सर बिघडला. तो युरोपातल्या स्वयंपाकघरासाठी बनवलेला. आपल्या वाटणाघाटणाचा मार त्याला सोसेना. आपल्याकडच्या जड वाटणाला टिकेल असं यंत्र बनवायचं या जिद्दीने माथुर कामाला लागले आणि त्यातून 'सुमीत' आला. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. वाटणारीची तक्रार इथे कुणी तिचा दोष म्हणून ढकलून दिली नाही. बाईला वापरता येत नाही, असं म्हणून तो इंजिनिअर मोकळा झाला असता तर हे यंत्र झालंच नसतं. साठ वर्षांनी आपण दुकानदार आणि आपण घरचे लोक त्याच तक्रारीला काय उत्तर देतो?

आता जारांकडे वळू. पाटा-वरवंट्यावर जिन्नस दाबून घासला जातो. मिक्सरचं पातं त्याला वेगाने आपटतं आणि चिरतं. त्याला घासता येत नाही. म्हणून पात्यापाशी माल येत राहिला पाहिजे, तरच वाटण होतं. सगळी जारांची भानगड एवढ्याचसाठी आहे. लहान जार, साधारण ३०० ते ४०० मिलीचा, चटणीसाठी. त्यात माल पात्याच्या वर राहतो. मूठभर कोथिंबीर आणि चार मिरच्या मोठ्या जारात टाकल्या की त्या भिंतीला जाऊन चिकटतात, मधे पोकळी होते आणि पातं नुसतं वाऱ्यात फिरतं. आवाज एकदम चढा होतो तेव्हा हेच झालेलं असतं. बंद करा, चमच्याने खाली ओढा. आणखी पाणी ओतून किंवा वेग वाढवून काही होत नाही.

मधला जार, एक लिटरच्या आसपासचा, कोरड्या आणि घट्ट ओल्या कामाचा. त्याचं पातं साधारणपणे जाड आणि आडवं असतं, बुडाच्या जवळ. मोठा जार ताक, लस्सी, रस, टोमॅटोचं सार यांचा. त्याच्या भिंतीला आतून उभ्या कडा असतात. पातळ पदार्थ नुसता गोल गोल फिरू नये, या कडांवर आपटून पुन्हा मधे यावा, म्हणून. त्याच्या पात्याचे पंख वर-खाली वळलेले असतात, कारण त्याचं काम ढवळायचं. त्यात सुकं खोबरं किंवा डाळ घालू नका. आणि उकळतं सार कुठल्याच जारात घालू नका. वाफ झाकण उडवते आणि हाततोंड भाजतं.

दाण्याचं कूट घ्या. मराठी घरात याच्याएवढं नेमाचं काम दुसरं नाही. दाणे भाजून पूर्ण गार झाले पाहिजेत. मधल्या जारात निम्म्यापर्यंतच भरायचे. बटण डावीकडे फिरवून हाताने सोडलं की थांबतं ती जी खूण आहे, तिच्यावर सेकंद-दोन सेकंदांचे झटके द्यायचे, सहा-सात. मधे एकदा जार हलवायचा. कूट झालं. तेच एक-दोन-तीन करत सलग तीसेक सेकंद चालवलं तर दाण्याचं तेल सुटतं आणि बुडाशी लगदा बसतो. पातं धारदार नाही म्हणून असं झालं, असं समजून काही जण जाडं मीठ फिरवतात. मीठ पोलादापेक्षा खूपच मऊ. त्याने पातं साफ होईल, धार येणार नाही.

आता ज्या कामावर सगळ्यात जास्त मिक्सर तापतात ते. पाच माणसांच्या इडल्यांचं पीठ, ७५० वॅटचा मिक्सर, लिटरचा जार. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडदाची डाळ, वेगवेगळे भिजवलेले, पाच-सहा तास. भिजून दोन्ही फुगतात आणि डाळ वाटताना आणखी फुगते. जार निम्म्याच्या वर भरायचा नाही हे धरलं तर डाळीचे दोन घाणे आणि तांदळाचे तीन होतात. प्रत्येक घाण्याला आधी दोन-चार झटके, मग एकवर अर्धा मिनिट, मग दोनवर मिनिटभर. पाणी माठातलं किंवा फ्रिजमधलं, चमच्या-चमच्याने. घाणा काढला की लगेच पुढचा लावायचा नाही. जार धुवून, भरून, दोनेक मिनिटं मोटरीला वारा लागू द्यायचा. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढी लागणारच. घाईने दोन घाण्यांत उरकलं तर मोटर तापतेच, शिवाय पीठही तापतं. बोट घालून बघा. पीठ चांगलं गरम लागलं तर त्यातले आंबवणारे जीव मार खातात आणि सकाळी पीठ वर येत नाही. मग पुन्हा तोच शेरा घरात ऐकू येतो, तुझ्या हाताला इडली जमत नाही म्हणून. वीस माणसांचं पीठ असेल तर ते ओल्या वाटणाच्या रगड्याचं काम आहे. आमच्या गावात ते वाटून देणारी दोन घरं आहेत. त्यांना चार पैसे द्यावेत.

पुरणाचंही तसंच. पुरण गरम असतानाच वाटावं लागतं, गार झालं की आवळतं. मिक्सरला गरम आणि घट्ट दोन्ही सोसत नाही. चिकट गोळा पात्याला धरून ठेवतो आणि मोटर घुमू लागते. झटके देत मूठ-मूठ वाटणाऱ्या सुगरणी आहेत, मला माहीत आहे. पण होळीच्या दिवशी किलोभर डाळीला पुरणयंत्र किंवा चाळणच बरी. आणि हळकुंडं, सुंठ, वर्षाची मिरची हे कांडप यंत्राचं. डंखात लोखंडी मुसळं वरून पडतात, तिथे अडकून थांबायचा प्रश्नच नाही. घरच्या मिक्सरला मसाला लागेल तसा, भाजून पूर्ण गार केलेला, वाटी-दीड वाटी.

बिघाड ओळखणंही घरच्या माणसाला येण्यासारखं आहे. लाल बटण वारंवार उडतंय? जार काढून नुसती मोटर क्षणभर फिरवा. सुरळीत फिरली तर दोष जारात आहे. जार आडवा धरून बुडाखालचं कपलर बोटाने फिरवा. जड लागलं तर आतली बुश धरली आहे, पातं लटलटलं तर बुश झिजली आहे. मोटर फिरते पण पातं नाही, रबर जळल्याचा वास येतो, तर कपलर गेलं. ते मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं, मोटरीऐवजी त्याने झिजावं म्हणून. जाराखाली काळपट पाणी उतरतंय, तर बुशीतलं सील गेलं. तोच काळेपणा अन्नातही उतरत असतो, त्या जारात वाटू नये. कपलर, बुश, वायसर ही थोड्या रुपयांची कामं आहेत. बहुतेक वॉरंटीत ती धरलेली नसतात, हे मात्र विकताना कुणी बोलत नाही. वॉरंटी पाच वर्षांची असं मोठ्याने सांगतात आणि ती फक्त मोटरीची आहे हे हळू आवाजात.

यालाच मी लबाडी म्हणतो, आणि त्यात मीही होतो. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणारी जाहिरातही दिशाभूल करणारी मानली आहे. पण कायद्याच्या आधी साधी माणुसकी आहे. ज्या यंत्रासमोर एक बाई रोज उभी राहणार आहे, ते काय करतं हे ओरडून सांगायचं आणि काय करत नाही हे तिने जाळून शिकायचं, ही रीत वाईट आहे. आणि घरातली रीत तिच्याहून बरी नाही. खरेदीला कुटुंब येतं, बोलतो पुरुष. तो विचारतो, किती वॅट? कितीला सोडणार? त्याने घरी कधी झाकण दाबून धरलेलं नसतं. मागे उभी असलेली विचारू पाहते की चटणीच्या भांड्याचं झाकण हाताने धरावं लागतं का, भांडं उचलायला जड आहे का, बुड धुताना पात्याखाली बोट पोचतं का. हे प्रश्न मिक्सरचं खरं मोजमाप आहेत, आणि ते अर्ध्यात तोडले जातात. पुढे यंत्र बिघडलं की मात्र जबाबदार तीच.

मी दोन गोष्टी बदलल्या. पहिली, पाटी. आता प्रत्येक मिक्सरखाली मी हाताने लिहितो: वॅट किती आणि कुठल्या घराला पुरेल, जार किती मिलीचे आणि कशात काय, एका घाण्याला किती माल, किती वेळ चालवून किती थांबा, आणि शेवटी, इतर अक्षरांएवढ्याच मोठ्या अक्षरात, यात वाटू नका: हळकुंड, सुंठ, गरम पुरण, उकळता पदार्थ. माझ्या शेजारच्या दुकानदाराने मला समजावलं की नकार लिहिलेली वस्तू कोण घेणार. काही गिऱ्हाईकं गेलीही. त्याचं मला वाईट वाटत नाही. उन्हाळ्यात टेबलावर येणारी जळकी मशिनं निम्म्यावर आली आहेत आणि ती मी विकलेली नसतात.

दुसरी, काउंटरवर भाजलेल्या दाण्यांचा डबा ठेवला. जो पैसे देणार आहे त्याने मूठभर दाण्यांचं कूट स्वतः करून बघायचं. बहुतेक पुरुष बटण थेट तीनवर नेतात. लगदा होतो. मग मागून हात पुढे येतो आणि, "अहो, तसं नाही, थांबा."

परवा एक गृहस्थ मुलीच्या लग्नात द्यायला मिक्सर घ्यायला आले, मुलगी बरोबर होती. त्यांनी नेहमीप्रमाणे वॅट विचारले. मी पाटी तिच्या हातात दिली. तिने ती पूर्ण वाचली आणि म्हणाली, "दादा, तिकडे आम्ही दोघंच असणार, आणि कांडप तर गल्लीतच आहे. ५०० पुरेल ना? पण चटणीचं भांडं मला हातात घेऊन बघू दे." वडील म्हणाले, अगं, देताना मोठा द्यावा, लोक काय म्हणतील. ती भांड्याच्या बुडात बोट घालून पात्याखाली पोचतं का ते बघत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "बाबा, धुवायचं मला आहे. आणि त्यांनाही." वडील थोडा वेळ गप्प राहिले, मग त्यांनी पैशाचं पाकीट काढलं आणि मला विचारलं, "त्याचं कपलर आणि वायसर जादाचं एकेक मिळेल का हो?"